बाहीखालचा हात

माझ्या नणंदेची मुलगी घरी आली नाही, त्या संध्याकाळी मी एका नवरीच्या फोटोला बाह्या लावत बसले होते. आमचा फोटो स्टुडिओ नंदुरबारला, घराच्या पुढच्याच खोलीत आहे. नवरा फोटो काढतो, मी कॉम्प्युटरवर बसते. बाह्या लावणं हे माझं जवळजवळ रोजचं काम. कुणाला बायोडाटासाठी मुलीचा फोटो हवा असतो आणि चांगला फोटो नेमका बिनबाह्यांच्या ड्रेसमधला निघतो. कुणाची आई वारलेली असते, तिचा शेवटचा फोटो गाऊनमधला असतो आणि भिंतीवर लावायला अंगभर पदर हवा असतो. मी कधी त्यावर फार विचार केला नव्हता. गिऱ्हाईक सांगतं, आपण करतो.

भाची आमच्याकडे राहून बी.एस्सी. करत होती, शेवटच्या वर्षाला होती. तिचे आईवडील तळोद्याला, वडिलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान. ती मला मामी म्हणायची, पण आमचं नातं मैत्रिणींसारखं जास्त होतं. कॉलेजहून आली की पर्स टाकायची, माझ्या मागे उभी राहायची आणि मी काय करतेय ते बघत पोहे खायची. त्या दिवशी पोह्यांची वाटी झाकून ठेवलेली होती. अंधार पडायला लागला तसा मी फोन लावला. फोन बंद. परत लावला. बंद.

सुरुवातीला मी नवऱ्याला काही बोलले नाही. चार्जिंग संपलं असेल, मैत्रिणीकडे थांबली असेल, असं स्वतःलाच सांगत राहिले. मग तिच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "ती तर आज कॉलेजलाच आली नाही, मामी."

सकाळी तिला दारातून जाताना मी स्वतः पाहिलं होतं. फाईल हातात होती. नेहमीपेक्षा नीट केस विंचरलेले होते. "येते मामी," म्हणाली होती. मग गेली कुठे?

नवरा मोटरसायकल घेऊन कॉलेज, बसस्टँड, रेल्वे स्टेशन सगळीकडे फिरून आला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. नंतर तळोद्याला फोन करावा लागला. तो मीच केला. नणंद पलीकडून एवढंच म्हणाली, "मन्ही पोर कोठे शे, वहिनी?" मी तिच्या मुलीची राखणदार होते. मला ठाऊक नव्हतं.

सकाळ उजाडली तसे दोघंही आले. जीपमधून आधी दाजी, म्हणजे नणंदेचे यजमान, उतरले. एरवी दुकानात पोलादी नांगर उचलून दाखवणारा माणूस, त्याला आमची पायरी चढायला माझ्या नवऱ्याने हात दिला. आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एक पोलीस ताई बसल्या होत्या. त्यांनी नाव, वय, अंगावरचे कपडे, सगळं विचारलं. ओळखीची खूण विचारली तेव्हा दाजी पटकन म्हणाले, "हनुवटीवर तीळ आहे." ते त्यांनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "अलीकडचा फोटो द्या. चेहरा स्पष्ट पाहिजे. तुम्ही पण ग्रुपवर टाका, लवकर फिरतो."

अलीकडचा फोटो. इथेच अडचण सुरू झाली.

पोरीचे आमच्याकडे फोटो ढीगभर होते, स्टुडिओवाल्यांच्या घरातली पोर ती. पण त्या सगळ्यांत तिच्या दोन लांब वेण्या होत्या आणि गाल भरलेले होते. दिवाळीनंतर ती आजारी पडली, बारीक झाली आणि केस खांद्यापर्यंत कापून आली होती. आताच्या पोरीचा एकच फोटो होता, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा, त्या मैत्रिणीने मला पाठवलेला. हिरव्या फुलांचा कुर्ता, कमरेवर एक हात, हसू इतकं मोकळं की बघणाऱ्याला पण हसू यावं. आणि कुर्त्याला बाह्या नव्हत्या.

मी तो फोटो स्क्रीनवर मोठा केला. उजव्या दंडावर, खांद्याखाली, भाजल्याची खूण स्पष्ट दिसत होती. त्रिकोणी, इस्त्रीच्या टोकाएवढी. ती लहान असताना नणंद इस्त्री करत होती, पोर मागून धावत आली आणि वळता वळता इस्त्रीवर गेली. तेव्हापासून नणंदेने तिला कोपरापर्यंत बाही नसलेला एकही कपडा शिवला नव्हता. लग्नाच्या वेळी कुणी विचारेल, म्हणून. आणि खरं म्हणजे, स्वतःला रोज दिसू नये म्हणूनही.

नणंद स्क्रीनकडे बघतच राहिली. "हाऊ फोटू कव्हयना शे?" तिने विचारलं. कधीचा ते मी सांगितलं. पोरीने खूण उघडी ठेवून फोटो काढला आहे, हे तिला पहिल्यांदा कळत होतं आणि ते कळण्याची ही वेळ नव्हती.

दाजींनी मान फिरवली. म्हणाले, "बाह्या लाई दे, वहिनी. मंग धाड."

मी म्हटलं, "दाजी, आहे तसाच पाठवू. वेळ जातोय."

"असा फोटू गावमा फिराडू का मी?" त्यांचा आवाज फाटला. "लोके पोरले शोधतीन का तिन्हा उघडा हात दखत बसतीन? उद्या ती परत उनी तं तिलेच तोंड दखाडनं शे ना."

यात रागापेक्षा भीती जास्त होती आणि ती भीती खोटी नव्हती. आमच्याकडच्या ग्रुपांवर हरवलेल्या पोरीच्या फोटोखाली काय काय लिहिलं जातं, ते मी वाचलेलं आहे. घातलेलं काय आहे बघा, मग गेली असणार कुणाबरोबर. हे लिहिणारे शोधायला घराबाहेर पडत नाहीत. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कर. पटकन कर."

मी बसले. हात गार पडले होते.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. हल्ली सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, हात निवडायचा, लांब बाही असं लिहायचं, की मशीन स्वतः बाही काढून देतं. मी उघडा दंड निवडला तर त्याने नियमात बसत नाही म्हणून नकारच दिला. उघडी त्वचा दिसली की ते असं कधी कधी करतं, मला माहीत होतं, पण त्या क्षणी मला वाटलं की तेसुद्धा आमच्या पोरीवर शंका घेतंय. निवड लहान करून पुन्हा दिलं तेव्हा बाही आली, पण हात दुसऱ्याच बाईचा आला. गोरा, गुबगुबीत, मनगटात बांगड्या. निवडीची कड हनुवटीला लागली होती, तिथेही त्याने थोडंसं बदललं होतं. तीळ गेला होता. मी घाबरून ते सगळं पुसलं. हे पाठवलं असतं तर आम्ही भलत्याच मुलीला शोधत बसलो असतो.

मग हाताने करायला घेतलं, जसं पूर्वी करायचे. मूळ फोटो सगळ्यांत खाली, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर नवा थर. कुर्त्याच्या खालच्या घेरातून कापडाचा तुकडा उचलला. बाही नुसती रंगवून चालत नाही, हातापेक्षा थोडी रुंद काढावी लागते, कारण कापड कातडीला चिकटत नाही. तुकडा दंडावर ठेवला आणि वाकवला, जसं गोल डब्याला कागद गुंडाळतात. मधली फुलं रुंद राहतात, कडेची चिंचोळी होत मागे वळतात. ती तशी वळली नाहीत की बाही पुठ्ठ्याची वाटते. मग चुण्या. काखेतून दोन-तीन ताण निघतात, कोपराच्या आतल्या बाजूला कापड गोळा होतं, बाहेरच्या बाजूला घट्ट बसतं. तिचा हात कमरेवर होता, म्हणून आतल्या घड्या खोल काढाव्या लागल्या. उजेड डावीकडून होता, तेव्हा उजवीकडची कड सावलीत. मनगटाशी बाहीचं तोंड सरळ रेघेत संपवायचं नाही, किंचित गोलाई द्यायची आणि खाली कातडीवर बारीक सावली टाकायची.

डावा हात कठीण होता. तो मैत्रिणीच्या पाठीमागे गेलेला होता आणि मैत्रिणीला कापायचं होतं. तिला काढलं की तिथे काहीच उरत नव्हतं. खांद्यापासून खाली हातच नाही. उजवा हात उलटवून लावला तर उजेड उलटा पडतो, म्हणून तो लावून त्याच्या सावल्या पुसून नव्याने भरल्या. बोटं तिच्याच जुन्या फोटोतून घेतली. वरून ओढणी टाकली, एका खांद्यावरून, कारण ओढणीच्या घडीखाली जोड लपतो.

हे सगळं मी रोज करते, पण त्या दिवशी प्रत्येक थरासोबत ती खूण थोडी थोडी बुजत होती. आधी एक फूल तिच्यावर आलं, मग सावली, मग नाहीच दिसली. मला एकदम असं वाटलं की मी तिला गाडतेय. हा विचार येताच मी उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. मिरचीचा हंगाम होता, शहराबाहेर वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा वाऱ्याबरोबर आत येत होता आणि सगळेच खोकत, डोळे पुसत बसले होते. कोण रडतंय ते कळत नव्हतं.

फोटो झाला. नणंदेने पाहिला आणि म्हणाली, "हाई तं कोणी सुनबाई शे." पोर घरंदाज, शांत, लग्नाला आलेली दिसत होती. दाजींनी मान हलवली. खाली नाव, हनुवटीवर तीळ, आणि स्टुडिओचा फोन नंबर. पाठवला. नातेवाइकांचे ग्रुप, कॉलेजचे, रिक्षावाल्यांचे, नवापूरकडच्या ओळखीच्यांचे. बघता बघता तो माझ्याकडेच चार ठिकाणांहून परत आला.

त्यानंतर फोन वाजत राहिले. एकाने सुरतेला पाहिली म्हणून सांगितलं, नंतर तोच हसला. एकाने विचारलं, मुलगी लग्नाची आहे का. दाजी दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी नाही म्हणून मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यातून नवऱ्याला फोन आला. रेल्वे रुळाच्या कडेला, भुसावळच्या बाजूला, एका तरुण मुलीचा मृतदेह मिळाला आहे. कुणीतरी बघायला या.

नवरा बोलताना खोलीतून बाहेर गेला, पण आम्हाला कळलं. नणंद जमिनीवर बसली ती बसलीच. दाजी म्हणाले, मी येतो. नवऱ्याने त्यांना खांदे धरून खाली बसवलं आणि एकटाच गेला. तो गेल्यानंतरचा वेळ मला आजही नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी स्क्रीनवर तो बाह्यांचा फोटो उघडा ठेवला होता आणि नणंद त्याकडे न बघता बोटाने स्वतःचाच उजवा दंड चोळत होती. वर खाली, वर खाली. मी तिचा हात धरला तरी थांबेना.

नवऱ्याचा फोन आला. तो रडत होता. माझे कान बंद झाले. मग शब्द पोहोचले, "ती नाही. ती नाही गं. चेहरा काही कळत नव्हता. मी दंड बघितला. दंडावर काही नाही."

मी ते मोठ्याने सांगितलं. दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणाची तरी दुसऱ्याची मुलगी तिथे पडलेली होती आणि आम्ही सुटकेने रडत होतो. त्याची लाज वाटण्याइतकीही ताकद कुणात नव्हती.

मग नणंद एकदम म्हणाली, "बाह्या काढी टाक, वहिनी."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"मन्ही पोर तिन्हा हातवरच वळखू येई. मन्हा भाऊनी आते तशीच वळखी ना? डाग नही म्हणून ती नही, अशी वळखी. मंग लोकेसले काबर दखाडत नही आपण?" ती दाजींकडे वळली. "डाग माले लपाडना व्हता. मन्हा हातघाई पडेल डाग शे तो. पोरले त्यानी लाज नही वाटी, दख, कशी हासी ऱ्हायनी ती. आपलेच वाटी ऱ्हायनी."

दाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "पुरा फोटू नको." मग तोंड वळवून, "फक्त हात धाड."

मला हे सुचलं नव्हतं. मी बाहीच्या थरापुढचा डोळा बंद केला. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा असतो, तो बंद केला की तो थर दिसेनासा होतो. एका क्लिकमध्ये कापड गेलं, चुण्या गेल्या आणि खाली तिचा सावळा दंड होता, जसा होता तसाच. मी खांद्यापासून कोपरापर्यंतचा तुकडा कापला. खूण मधोमध. ना चेहरा, ना कुर्ता. बाह्यांच्या फोटोच्या शेजारी तो तुकडा बसवला आणि खाली लिहिलं, उजव्या दंडावर भाजल्याची त्रिकोणी खूण. दाजींनी चष्मा लावून ते वाचलं, "त्रिकोणी" शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "धाड."

संध्याकाळ व्हायच्या आत फोन आला. बाईचा आवाज, मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. ती नवापूरच्या डोंगराकडची, सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका सरकारी दवाखान्यात आया होती. चर्चच्या ग्रुपवर तिला आमचा फोटो आला होता.

"ताई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "कालचा फोटो मी बघितला होता. पण आमच्याकडे जी पोरगी आहे ना, तिचं तोंड पुरं सुजलेलं आहे, डोक्याला पट्टी आहे, हनुवटीला टाके आहेत. तीळबीळ काही दिसत नाही. तुमची पोरगी ओढणीवाली, मोठी दिसत होती. मी म्हटलं ही ती नाही. आज तुम्ही तो हात पाठवला."

मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी विचारलं, "जिवंत आहे?"

"आहे, ताई. बेशुद्ध आहे. मी आत्ताच अंग पुसताना बघितलं. इस्त्रीसारखी खूण आहे. मी फोटो काढला असता, पण इथे काढू देत नाहीत. तुम्ही या."

ती इस्त्री म्हणाली. आम्ही कुठेच इस्त्री लिहिलं नव्हतं. मी फोन तसाच धरून नणंदेकडे पाहिलं आणि तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

नवरा परत आला तसे आम्ही चौघं गाडीने निघालो. आनंद करायची भीती वाटत होती. वाटेत दाजींनी मला एकदाच विचारलं, "दुसऱ्या कोणाले पण असा डाग ऱ्हाऊ शके ना?" मी म्हटलं, असू शकतो. खोटं बोलायची हिंमत नव्हती.

वॉर्डमध्ये त्या आयाने आम्हाला खाटेपाशी नेलं. मी त्या मुलीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही ती नाही. खरंच तसं वाटलं. डोळे सुजून फटी झाले होते, ओठ फुटलेला, एका बाजूचे केस काढलेले. ज्या चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग मी स्क्रीनवर हजार वेळा मोठा करून पाहिला होता, तो मला ओळखता आला नाही. नणंद पायाशी थांबली, पुढे होईना. दाजी पुढे गेले. त्यांनी दवाखान्याच्या ढगळ अंगरख्याची बाही दोन बोटांनी वर सरकवली, हळू, जणू ती झोपलीय आणि जागी होईल. मग ते वाकले आणि त्या खुणेवर त्यांनी कपाळ टेकवलं.

ती शुद्धीवर आली, पण लगेच नाही, आणि पूर्ण बोलायला लागायला पुष्कळ दिवस गेले. त्या दिवसांतली भीती वेगळी होती, तिच्याबद्दल काय लिहू. बोलायला लागल्यावर कळलं ते एवढंच. सीमेपलीकडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीसाठी मुलाखत होती. परराज्यात जायला वडील नाही म्हणतील, म्हणून मिळाल्यावर सांगू असं ठरवून ती बसने एकटीच गेली होती. परत येताना ती बसलेली रिक्षा उलटली. पर्स, फाईल, फोन, काही हाती लागलं नाही. कुणाबरोबर गेली नव्हती, कुणी नेली नव्हती. ते ऐकून दाजी म्हणाले, "इतलंच व्हतं तं सांगती ना माले." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का, अप्पा?" पुढे कधीतरी त्यांनीच तिला त्या लॅबच्या दारापर्यंत सोडलं, पण ते बरंच पुढे.

आमच्याकडे परत आली तेव्हा ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "मामी, तो फोटो दाखव ना." मला दाखवायचा नव्हता. पण तिच्या नव्या फोनवर तो कुठून तरी आलेलाच होता. तिने तो मोठा केला. उजवी बाही बघितली. मग डाव्या हातावर थांबली.

"हा हात कुणाचा आहे?"

"तुझाच. उजवा उलटवून केलाय. बोटं दहावीच्या फोटोतली."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने आपला डावा हात वर करून स्क्रीनशेजारी धरला आणि दोन्हींकडे बघत राहिली. "घाबरायला होतं गं," ती म्हणाली. "मी तिकडे बेशुद्ध पडले होते आणि ही बाई गावभर फिरत होती."

ती अजून फिरते आहे. दंडाचा तुकडा कुणी पुढे पाठवला नाही. लोकांनी तेवढा भाग कापून टाकला आणि ओढणीवाला फोटो तेवढा राहिला. मुलगी सापडली आहे, असं आम्ही सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, तरी दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी तो नव्याने टाकतं, हरवली आहे, कृपया पुढे पाठवा. परवा खापर गावच्या एका बाईने स्टुडिओत येऊन मला तोच दाखवला आणि विचारलं, ही पोर सापडली का हो? भाची तिथेच बाजूला खुर्चीवर बसून भेळ खात होती. बाईने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि तिला काहीच कळलं नाही.

मी बाईला सांगितलं, सापडली. बाई गेल्यावर माझे हात पुन्हा तसेच, त्या दिवशी बाह्या लावायला बसताना पडले होते तसे, गार पडले होते.